खिडकीतून दिसणारे घड्याळ किती लांब?

भाईजान आणि भाभींचे उमराहला जायचे ठरले, तेव्हा घरात सर्वांत जास्त चर्चा झाली ती हॉटेलच्या अंतराची. भाभींचे गुडघे दुखतात. पाचही वक्तांची नमाज हरम शरीफमध्ये अदा करायची, तर मुक्काम जवळच हवा. टूरवाल्याने सांगितले, "सातशे मीटर. खोलीतून घड्याळ दिसते." पुरावा म्हणून त्याने खिडकीतून काढलेला फोटोही पाठवला. समोर इमारतींची दाटी आणि त्यांच्या वर मक्केचा क्लॉक टॉवर. भाईजानने फोटो माझ्याकडे पाठवला आणि विचारले, "बाजी, तू मुलांना गणित शिकवतेस. यावरून अंतर सांगता येईल का?"

सांगता येते. त्यासाठी दोन गोष्टी माहीत हव्यात. एक, फोटोतल्या वस्तूची खरी उंची. दुसरी, कॅमेऱ्याच्या भिंगाचा आवाका, म्हणजे ते किती रुंद कोनातले दृश्य टिपते. बाकी सगळे दहावीच्या समरूप त्रिकोणांचे काम आहे. वस्तू जितकी दूर, तितकी फोटोत लहान. अंतर दुप्पट झाले की फोटोतली उंची निम्मी होते.

आधी भिंगाचा आवाका पाहू. तो कोणालाही घरी मोजता येतो. चोपड्याच्या आमच्या शाळेत मी मुलांकडून हे करून घेतले. फोन आडवा धरून भिंतीपासून बरोबर ३ मीटरवर उभे राहायचे, फोन भिंतीला समांतर ठेवायचा आणि फोटोच्या दोन्ही कडांना भिंतीचा जो भाग येतो तिथे खडूने खुणा करायच्या. आमच्या खुणांमधले अंतर ४ मीटर भरले. म्हणजे या भिंगाने काढलेल्या फोटोची लांब बाजू अंतराच्या चार-तृतीयांश इतके दृश्य पकडते. कोनात सांगायचे तर सुमारे ६७ अंश. आमच्या फोनच्या फोटोची लांब बाजू ४००० पिक्सेलची आहे. ३ मीटरवर ४ मीटर दृश्य ४००० पिक्सेलमध्ये मावते, म्हणून सूत्र सोपे होते:

अंतर = ३००० × वस्तूची उंची ÷ फोटोतली उंची (पिक्सेलमध्ये)

मैदानावरच्या ६ मीटर उंच ध्वजस्तंभावर आम्ही ते पडताळून पाहिले. फोटोत स्तंभ ३६८ पिक्सेल भरला. सूत्राने अंतर आले ४९ मीटर, टेपने मोजले ते ५०. एवढी चूक चालण्यासारखी आहे.

आता टूरवाल्याचा फोटो. इथे दोन अडचणी होत्या. पहिली अशी की फोटो आमच्या फोनवर काढलेला नव्हता आणि व्हॉट्सॲपवरून आला होता. व्हॉट्सॲप साधारणपणे फोटो लहान करते आणि कोणत्या भिंगाने तो काढला ही माहिती पुसून टाकते. म्हणून भाईजानने तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगितला. तसा आल्यावर फोटोच्या तपशिलात ४००० गुणिले ३००० पिक्सेल आणि २६ मिलिमीटर असे दिसले. आमच्या फोनच्या भिंगाचाही तोच आकडा आहे, म्हणून आमचे ३००० इथेही लागू पडले. ही खात्री न करता मोजले असते, तर उत्तराला अर्थ नव्हता. फोटो झूम करून काढलेला किंवा कापून पुन्हा मोठा केलेला असेल तर मनोरा मोठा दिसतो आणि अंतर खऱ्यापेक्षा कमी येते.

दुसरी अडचण मनोऱ्याची. त्याची उंची ६०१ मीटर आहे, हे सर्वांना माहीत असते. पण फोटोत त्याचा पायथा इमारतींमागे लपलेला होता. दिसतो तेवढाच भाग मोजून त्याला ६०१ मीटर मानले, तर फोटोतली उंची कमी धरली जाते आणि अंतर खऱ्यापेक्षा जास्त निघते. म्हणजे टूरवाल्यावर नाहक आळ आला असता. त्यामुळे पूर्ण दिसणारी आणि माप माहीत असलेली वस्तू हवी होती. ती म्हणजे घड्याळाची तबकडी. तिचा व्यास ४३ मीटर आहे.

तबकडी मोजताना वरपासून खालपर्यंत मोजली, आडवी नाही. बाजूने पाहिल्यास गोल तबकडी रुंदीत अरुंद दिसते, उंची मात्र तशीच राहते. फोन सरळ उभा धरला होता का, हेही पाहिले. फोन वर झुकवून फोटो काढला तर इमारतींच्या उभ्या कडा वर एकमेकींकडे झुकतात आणि माप बिघडते. या फोटोत कडा सरळ उभ्या होत्या. फोन सरळ असला की मनोरा डोक्यापेक्षा कितीही वर असो, सूत्र जमिनीवरचे आडवे अंतरच देते.

संगणकावर फोटो मोठा करून मोजले, तेव्हा तबकडी ६५ पिक्सेल भरली. ३००० गुणिले ४३ भागिले ६५, म्हणजे १९८५ मीटर. जवळजवळ दोन किलोमीटर! हॉटेल खरोखर सातशे मीटरवर असते तर तबकडी १८४ पिक्सेलची, जवळपास तिप्पट दिसायला हवी होती. तबकडीची कड थोडी धूसर होती, म्हणून मोजण्यात तीन पिक्सेल इकडेतिकडे होऊ शकतात. तसे धरले तरी उत्तर साधारण १९०० ते २१०० मीटर राहते. एवढ्या चुकीने दोन किलोमीटरचे सातशे मीटर होत नाहीत.

या उत्तराची मर्यादाही भाईजानला सांगितली. हे अंतर मनोऱ्यापर्यंतचे आहे, हरमच्या दारापर्यंतचे नाही. मनोरा हरमच्या दक्षिणेला, किंग अब्दुल अजीज दरवाजासमोर आहे, त्यामुळे शे-दोनशे मीटरचा फरक पडू शकतो. शिवाय हे सरळ रेषेतले अंतर आहे. मक्का डोंगरांत वसलेले शहर आहे, पायी रस्ता वळसे घेतो. म्हणून चालायचे अंतर यापेक्षा कमी असण्याची शक्यता फारच थोडी, जास्त असण्याची बरीच.

भाईजानने शांतपणे हा हिशेब टूरवाल्यापुढे ठेवला. त्याने मान्य केले की रस्त्याने दोन किलोमीटरांहून थोडे जास्तच पडते, पण बस असते. मग भाईजानने थोडे पैसे वाढवून आणि मुक्कामाचे दोन दिवस कमी करून जवळचे हॉटेल घेतले. बस असेल तर दूरचे हॉटेलही वाईट नसते. मात्र ते ठरवण्याआधी अंतर खरे कळले पाहिजे, कारण चालणाऱ्याचे गुडघे जाहिरातीतल्या मीटरवर चालत नाहीत.

मुलांना हे शिकवायचे असेल तर सराव मुंबईतही होतो. राजाबाई टॉवर ८५ मीटर उंच आहे. ओव्हल मैदानातून २०० मीटरवरून आमच्यासारख्या फोनने उभा फोटो काढला, तर तो १२७५ पिक्सेल, म्हणजे फोटोच्या उंचीच्या एक-तृतीयांशाहून किंचित कमी भरायला हवा. दिल्लीचा कुतुबमिनार ७२.५ मीटरचा आहे. ३०० मीटरवरून तो ७२५ पिक्सेल भरेल. फोटो काढताना मनोरा चौकटीच्या मध्याजवळ ठेवा, कारण रुंद भिंग कडेच्या वस्तू ताणून दाखवते. आणि पायथा झाडांनी झाकला असेल तर जागा बदला, किंवा माप माहीत असलेला दुसरा एखादा पूर्ण दिसणारा भाग शोधा.