आजी, तुझा ता. क. सगळ्यात वर लिही

तुमच्याही आईचा मेसेज असाच सुरू होतो का? "शुभ सकाळ बाळा. कशी आहेस? इकडे थंडी वाढलीय..." मग अंगणातला पारिजातक, शेजारच्या काकूंचा गुडघा, दुधाचा वाढलेला भाव. मी इंग्लंडमध्ये, आई साताऱ्यात. असे मेसेज मी वर्षानुवर्षं वाचत आलेय, आणि खरं सांगायचं तर घाईत वरवर वाचत आलेय.

यंदाच्या जानेवारीत मात्र ते चांगलंच अंगाशी आलं.

मी सीए. इथे ३१ जानेवारी ही सेल्फ असेसमेंटचं रिटर्न भरायची शेवटची तारीख, त्यामुळे तो महिना मी माणसात नसते. एका सकाळी सातला उठले, तर आईचा मेसेज आलेला. बंद स्क्रीनवर दिसल्या तेवढ्या दोन ओळी: शुभ सकाळ आणि थंडी. बसमध्ये उघडून शेवटापर्यंत सरकवला. मध्ये पुण्याला मावशीकडे जायचं, गाडी ठरवायची, असं काहीतरी दिसलं. शेवटची ओळ होती, "मग २९ ची घेऊ". मी लिहिलं, "घे की." आणि लॅपटॉप उघडला.

२८ तारखेला रात्री व्हिडिओ कॉलवर आई सहज म्हणाली, "उद्या आठला दवाखान्यात जायचंय गं, मोतीबिंदूचं."

मी उडालेच. ऑपरेशनला मी सोबत असणार होते, ८ फेब्रुवारीचं तिकीट काढून ठेवलं होतं. "मला न विचारता तारीख ठरवलीस?" मी म्हणाले. आई गप्प. मग हळूच म्हणाली, "विचारलं होतं. तूच म्हणालीस ना, घे की."

मेसेज पुन्हा उघडला. होतं की सगळं! मावशीच्या खाली लिहिलं होतं की डॉक्टर २९ जानेवारी किंवा १२ फेब्रुवारी म्हणतायत, आज दुपारी एकपर्यंत कळवायचंय. "२९ ची घेऊ" म्हणजे तारीख. मी समजले गाडी. मराठीत दोन्ही स्त्रीलिंगी, दोन्ही "घेऊ"! वर आई माइक दाबून बोलते, लिहायचं काम तिचा फोन करतो आणि प्रश्नचिन्ह काही टाकत नाही. तिच्या आवाजातला प्रश्न माझ्यापर्यंत पोचताना साधं वाक्य झाला होता.

ऑपरेशन नीट झालं. सोबत शेजारच्या काकू गेल्या, त्याच, गुडघेवाल्या. मी मात्र दोन दिवस स्वतःवरच चिडलेली.

हे सगळं माझी बारा वर्षांची लेक ऐकत होती. शनिवारच्या मराठी शाळेत ती लिहायला शिकलीय. तिने मोठ्या कागदावर, जाड पेनाने, आजीच्या डोळ्यांना त्रास नको म्हणून टप्पोऱ्या अक्षरांत चिठ्ठी लिहिली आणि आठ तारखेला माझ्या बॅगेत ठेवली. शुद्धलेखन तेवढं मी सुधारलंय, बाकी शब्द तिचेच:

"प्रिय आजी,
आईचा फोन बंद असतो तेव्हा तुझ्या मेसेजच्या पहिल्या दोनच ओळी दिसतात. त्यात तू नेहमी थंडी लिहितेस. म्हणून प्रश्न पहिल्या ओळीत लिही.
प्रश्नात वस्तूचं नाव लिही. 'ती घेऊ' नको. 'ऑपरेशनची तारीख घेऊ' असं.
फोन प्रश्नचिन्ह देत नाही. म्हणून बोलताना 'का' किंवा 'की' म्हण. 'घेऊ' म्हटलं तर तू ठरवलंस असं वाटतं. 'घेऊ का' म्हटलं तर तू विचारतेस.
उत्तर कधीपर्यंत हवं ते लगेच पुढे लिही.
असं: मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी २९ जानेवारी घेऊ की १२ फेब्रुवारी? आज दुपारी एकपर्यंत सांगायचंय.
मग खाली थंडी, मावशी सगळं लिही. मला थंडी आवडते.
दोन प्रश्न असले तर दोन मेसेज कर. नाहीतर आई एकाचंच उत्तर देते.
एका तासात उत्तर हवं असेल तर मेसेज नको. फोन कर, आई झोपली असली तरी."

त्या दिवशी असा मेसेज आला असता तर? मी सातला उठले तेव्हा साताऱ्यात साडेबारा वाजले होते. डॉक्टरांना कळवायला अर्धा तास हातात होता. मी फोन न उघडताच प्रश्न वाचला असता आणि "१२" एवढंच लिहिलं असतं.

गंमत म्हणजे हे मला येत नव्हतं असं नाही. क्लायंटला मेल करताना मी पहिल्या ओळीत लिहिते: कुठला कागद हवाय, कुठल्या वर्षाचा, कधीपर्यंत. हाताखालच्या मुलांनाही तेच शिकवते. आईला सांगायचं मात्र कधी सुचलं नाही. तिचा मेसेज लांबला की मी फक्त कंटाळत होते.

चिठ्ठी वाचून आई आधी जराशी रुसली. "आल्याआल्या काम काढायचं? माणसाची विचारपूस नको?" तिचंही बरोबरच होतं. तिच्या पिढीने पत्र 'सप्रेम नमस्कार, वि. वि.' ने सुरू केलं, मग इकडील क्षेम, मग वडीलधाऱ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. खरी निकड बऱ्याचदा शेवटी, ता. क. मध्ये. पत्र अख्खं वाचलं जायचं, दोन-तीनदा वाचलं जायचं, त्यामुळे ता. क. कधी चुकायचा नाही.

लेकीला फोनवर हे सांगितलं, तर ती पटकन म्हणाली, "मग आजी, तुझा ता. क. सगळ्यात वर लिही ना!" आई खळखळून हसली. हे तिला पटलं. चिठ्ठी आता कालनिर्णयच्या शेजारी टाचणीने लावलेली आहे.

पहिला आठवडा मजेचा गेला. "जेवलीस का? आज रात्रीपर्यंत सांग." "तिकडे बर्फ पडला की नाही?" सगळंच पहिल्या ओळीत! मग लेकीने फोनवरून एक ओळ वाढवायला सांगितली, ती आईने स्वतःच्या हाताने चिठ्ठीखाली लिहिली: "ज्याचं उत्तर मिळाल्याशिवाय माझं काम अडतं, तोच प्रश्न वर."

आता नीट चाललंय. परवा आला: "बँकेत केवायसीला पॅन कार्डाची झेरॉक्स चालेल की मूळ कार्ड न्यायचं? उद्या सकाळी अकराला जातेय." मी दोन्ही न्यायला सांगितलं, एका ओळीत. खालचं पारिजातकाचं रात्री चहा घेत सावकाश वाचलं. आधी मी ते घाईत ओलांडून जायचे, कारण त्यात कुठे प्रश्न लपलाय का ते शोधत असायचे. आता शोधायचं काही उरलेलं नसतं, त्यामुळे वाचते.

एक नियम मी माझ्यासाठीही केलाय. आईच्या प्रश्नाला उत्तर देताना नुसतं "घे की", "चालेल", "हो" लिहायचं नाही. "ऑपरेशनची १२ तारीख घे" असं वस्तूचं नाव घेऊनच लिहायचं. त्या दिवशी मी एवढं जरी लिहिलं असतं, "गाडी २९ ची घे", तरी आईने लगेच फोन केला असता, "गाडी कुठली गं? मी तर डॉक्टरांचं विचारतेय!"

आजच आईचा शेवटचा मेसेज उघडून बघा. त्यात एखादा "घेऊ" उत्तराची वाट बघत पडलेला नाही ना?