न मोजलेले बारा पंप

२०२४ च्या एक एप्रिलला, सोमवारी सकाळी, नागपूरच्या गिऱ्हाइकाच्या स्टोअरमधून फोन आला. "मॅडम, बिल साठ पंपांचं आहे आणि गाडीतून अठ्ठेचाळीसच उतरले." तारीख बघून आधी मला चेष्टाच वाटली. मग त्यांनी चलनाचा फोटो पाठवला. त्यावर बॉलपेनने मोठ्या अक्षरात '४८ नग' लिहिलं होतं, खाली सही-शिक्का.

मी पुण्यात पंप विकणाऱ्या एका कंपनीत बिलिंग बघते. तो माल आमच्या गोडाऊनला आलाच नव्हता. कोइमतूरच्या कारखान्यातून निघून थेट नागपूरला उतरला होता. पुण्याला आणून पुन्हा विदर्भात पाठवायचा म्हणजे भाडं दोनदा आणि चढ-उतार दोनदा, म्हणून मोठ्या ऑर्डरी आम्ही अशाच थेट पाठवतो.

आमच्याकडे सॅप आहे आणि त्यात या व्यवहाराला 'थर्ड पार्टी ऑर्डर' म्हणतात. या शब्दाने सुरुवातीला चांगलाच घोळ घातला होता. भिवंडीला एका ठेकेदाराच्या गोडाऊनमध्ये आमचे सुटे भाग असतात, त्यालाही सगळे 'थर्ड पार्टी'च म्हणायचे. पण भिवंडीचा माल आमचा असतो. तो आमच्या साठ्यात दिसतो, फक्त सांभाळणारा दुसरा असतो. कोइमतूरहून नागपूरला गेलेला पंप आमच्या साठ्यात एक क्षणही दिसत नाही. दोन्हीकडे छप्पर दुसऱ्याचंच, पण हिशेब अगदी वेगळा.

सिस्टीममध्ये तेव्हा हे असं चालायचं. गिऱ्हाइकाची ऑर्डर टाकली की त्या ओळीला TAS असा प्रकार लागतो आणि ऑर्डर सेव्ह करताक्षणी खरेदीची मागणी आपोआप तयार होते. खरेदीवाला त्यावरून पुरवठादाराची ऑर्डर काढतो. तिच्यात माल पोचवायचा पत्ता आमचा नसतो, गिऱ्हाइकाचा असतो. पुढे पुरवठादाराचं बिल आलं की आमचा अकाउंटंट ते MIRO मध्ये नोंदवतो आणि तेव्हाच ती ऑर्डर माझ्या बिलिंगच्या यादीत उगवते. त्यांनी जितक्या नगांचं बिल लावलं, तितक्याच नगांचं बिल मी गिऱ्हाइकाला करायचं. डिलिव्हरीचा कागद नाही, साठ्यात जमा नाही, वजा नाही. शिकताना मला हे फार सुटसुटीत वाटलं होतं.

फोनच्या आदल्या आठवड्यात झालं ते एवढंच. सत्तावीस मार्चला गाडी भरताना तिच्यात आधीच दुसऱ्या कुणाचा माल होता. साठ खोके मावेनात. बारा मागे राहिले, पुढच्या गाडीने जायचे म्हणून. पण बिल साठाचं आधीच तयार होतं आणि वर्षअखेर तोंडावर होती, त्यामुळे कारखान्याने ते तसंच मेलवर पाठवलं. आमच्या अकाउंटंटने पाहिलं तर ऑर्डर साठाची, बिल साठाचं, भाव बरोबर. अठ्ठावीसला त्याने ते नोंदवलं. त्याच दुपारी मी साठाचं बिल केलं.

त्याची चूक काढायला मला जागाच दिसली नाही. गोडाऊनला येणाऱ्या मालाचं असं होत नाही. तिथे आमचे स्टोअरवाले काका असतात. ते खोके स्वतः मोजतात, गुड्स रिसीट टाकतात आणि मगच अकाउंट्स बिलाला हात लावतं. ऑर्डर, रिसीट आणि बिल असे तीन आकडे जुळावे लागतात. अठ्ठेचाळीस आले असताना साठाचं बिल टाकलं, तर सिस्टीम त्याचे पैसे अडवून ठेवते. थेट पाठवणीत मधला आकडाच नव्हता. ऑर्डर आणि बिल, दोन्ही कागदच. एक आम्ही लिहिलेला, दुसरा त्यांनी.

निस्तरायला तीन आठवडे गेले. ई-इनव्हॉइस पोर्टलवर चोवीस तासांच्या आतच रद्द होतं, ती मुदत केव्हाच उलटली होती. म्हणजे क्रेडिट नोट. बारा पंप, नगाला ९,६५० रुपये भाव, १८ टक्के जीएसटी धरून १,३६,६४४ रुपये. आमच्या मार्चच्या विक्रीत बारा पंप जास्त दिसले होते ते वेगळंच. पुरवठादाराकडून त्यांची क्रेडिट नोट काढणं तर दिव्य होतं. त्यांचा माणूस म्हणायचा, "माल येतोच आहे ना, मग नोट कशाला?"

साहेबांनी लगेच फर्मान काढलं: यापुढे गिऱ्हाइकाची सही-शिक्क्याची पोच हातात आल्याशिवाय बिल करायचं नाही. ऐकायला बरोबर वाटतं, पण ते चालणारं नव्हतं. जीएसटीत माल हलवायचा असेल तर बिल माल निघण्यापूर्वी किंवा निघताना व्हायला लागतं. नागपूरची पोच हातात येईपर्यंत पाच-सहा दिवस जातात. शिवाय आमचं बिल गाडीबरोबर नसेल तर ड्रायव्हरच्या हातात कारखान्याचं बिल असतं, त्यावर आमचा खरेदीचा भाव. हे आम्ही एकदा भोगलं होतं. गिऱ्हाइकाने तो कागद समोर ठेवून पुढची ऑर्डर भाव पाडून घेतली होती.

मग मोजणी ठेवायची कुठे? पोचायच्या ठिकाणी उशीर होतो, पुण्यात माल येत नाही. उरलं कारखान्याचं फाटक.

आमच्या सल्लागाराने थेट पाठवणीच्या खरेदी ऑर्डरवर Goods Receipt आणि GR-Bsd IV या दोन्ही खुणा लावून दिल्या. ही रिसीट नुसती आकड्यापुरती. साठा वाढत नाही, किंमत चढत नाही, पण ती टाकल्याशिवाय पुरवठादाराचं बिल पुढे सरकत नाही. दुसरा बदल माझ्या बाजूचा. माझ्या बिलात आता त्यांच्या बिलाचे नग येत नाहीत, रिसीटचे येतात. त्यामुळे MIRO ची वाट बघावी लागत नाही. कारखाना गाडी भरून झाल्यावर लोडिंग स्लिप पाठवतो, तिच्यावर गाडी नंबर आणि नग. स्टोअरवाले काका त्यावरून रिसीट टाकतात, मी बिल करते आणि मेल करते. कारखाना ते छापून ड्रायव्हरला देतो. सुरुवातीला यात गाडी फाटकावर दोन-दोन तास उभी राहायची आणि ट्रान्सपोर्टवाला बोंबलायचा. आता पाऊण तासात होतं.

काका मात्र नाराजच आहेत. न पाहिलेल्या मालाची रिसीट टाकायची त्यांना सवय नाही. स्लिपचा फोटो ते मोबाईलवर मोठा करून बघतात, कोपऱ्यातल्या पाच-पाचच्या उभ्या रेघा बोटाने मोजतात आणि छापील आकड्याशी जुळवतात. जुळलं नाही तर फोन. "ही त्यांची मोजणी, माझी नव्हे," असं दर वेळी म्हणतात, आणि ते खरंच आहे. नग कमी असतील तर या स्लिपने कळतं. खोक्यात पंप फुटका असेल तर कळत नाही. ते नागपूरला खोका उघडल्यावर, आणि तोवर बिल माझ्या सहीने गेलेलं असतं.