ईस्ट की वेस्ट?

माझ्या एका मित्राने घाटकोपरला छोटंसं को-वर्किंग ऑफिस काढलंय. तीस खुर्च्या, दोन फोन बूथ, एक मीटिंग रूम, आणि चहाचं मशीन. त्याचा ओपन डे ठरला आणि इन्स्टाग्रामसाठी कॅप्शन लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. "तू ब्लॉग लिहितोस ना, मग चार ओळी काय जड आहेत?" हा त्याचा युक्तिवाद.

त्याचा स्वतःचा मसुदा होता, "स्वप्नांना मिळेल नवी जागा! या, भेटा, घडा!" आता मंडळी, ही ओळ जिमला चालेल, क्लासला चालेल, लग्नाच्या हॉललासुद्धा चालेल. शिवाय इन्स्टाग्रामवर कॅप्शनची पहिली एक-दोन ओळच दिसते, बाकीचं टिचकी मारल्यावर. म्हणजे ती महागडी ओळ आपण स्वप्नांवर खर्च करणार, आणि वाचणारा मनात विचारणार, "ईस्ट की वेस्ट?"

उपनगरात हा प्रश्न सगळ्यात आधी येतो. घाटकोपर वेस्टला, स्टेशनपासून चालत सहा मिनिटं, एवढं लिहिलं की अंधेरीच्या माणसाला कळतं की मेट्रोतून उतरून सरळ जाता येईल, आणि मुलुंडच्या माणसाला कळतं की पूल कुठल्या बाजूला उतरायचा.

मग वार. त्याने रविवार ठरवला होता, कारण "लोकांना सुट्टी असते". एक तर रविवारी मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक असण्याची शक्यता मोठी. पण खरी अडचण वेगळीच आहे. रविवारी ऑफिस रिकामं असतं, आणि रिकाम्या ऑफिसात कुठलंही वायफाय धावतं! मंगळवारी सकाळी अकराला वीस जण एकदम व्हिडिओ कॉलवर असतात, तेव्हा अपलोडचा वेग किती उरतो आणि फोन बूथ मिळतो का, हे बघायला माणूस येतो. म्हणून मी मंगळवार करायला लावला आणि लिहिलं, "लॅपटॉप आणा, तुमचा खरा कॉल इथून करून बघा."

भावावरून आमचं थोडं वाजलं. त्याला "६,००० रुपयांपासून" लिहायचं होतं. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे बिल ७,०८० चं. जीएसटीत नोंदणी असलेल्या छोट्या कंपनीला वरचे १,०८० सहसा क्रेडिट म्हणून वळते करून घेता येतात. पण ज्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत आहे, तो फ्रीलान्सर बहुतेक वेळा नोंदणीच करत नाही. त्याच्यासाठी हे १,०८० खिशातूनच गेले. कॅप्शन दोघांसाठी आहे ना? मग ७,०८० लिही, सगळं धरून.

नवीन कंपनी काढणाऱ्याचा प्रश्न अजून निराळा. त्याला खुर्चीपेक्षा पत्ता हवा असतो, जीएसटी नोंदणीसाठी. त्याला जागेचा करार, मालकाचं संमतिपत्र आणि वीजबिल असे कागद लागतात. आणि गंमत म्हणजे माझा मित्र स्वतःच भाडेकरू! त्याच्या करारात जागा पुढे दुसऱ्याला वापरायला द्यायची मुभा आहे का, हे बघितल्याशिवाय "पत्ता मिळेल" असं लिहिणं म्हणजे कुणाचा तरी अर्ज अडकवणं. त्याने दोन दिवस मालकाच्या मागे लागून विचारलं. महिन्याचं सीट घेणाऱ्याला पत्ता मिळेल, एका दिवसाच्या पासवर नाही. तसंच लिहिलं.

शेवटची ओळ मी घातली, "रात्री नऊला बंद." हा वैतागला. "अरे, अमेरिकेचे क्लायंट असलेले सगळे पळतील ना!"

पळू देत की. ते येऊन, चहा पिऊन, पैसे भरून दुसऱ्या आठवड्यात भांडण्यापेक्षा कॅप्शन वाचूनच गेलेले बरे.

"आणि कुणीच आलं नाही तर?" तर २००५ साल आठव म्हटलं. सॅन फ्रान्सिस्कोत ब्रॅड न्यूबर्ग नावाच्या प्रोग्रॅमरने आठवड्यातले दोन दिवस जागा भाड्याने घेऊन को-वर्किंग सुरू केलं, तेव्हा पहिला महिनाभर तिकडे कुणी फिरकलंच नव्हतं.

शेवटी कॅप्शन झालं ते असं:

"घाटकोपर वेस्ट, स्टेशनपासून चालत ६ मिनिटं. मंगळवारी १० ते ६ फुकट बसून बघा. लॅपटॉप आणा, तुमचा खरा कॉल इथून करून बघा. महिन्याला ७,०८०, जीएसटी धरून. महिन्याच्या सीटवर नोंदणीसाठी पत्ता मिळेल, डे पासवर नाही. रात्री ९ ला बंद."

स्वप्नं कुठेच नाहीत, हे मान्य. ती ज्याची तो घेऊन येईल.