हलका गहू

गव्हाचं पीक बांधावरून ओळखता येत नाही, असं आमचे मामू म्हणतात. ओंब्या भरलेल्या दिसतात, खरं काय ते तराजू सांगतो. मार्च 2022 मध्ये पंजाब-हरियाणात हेच घडलं. भारतात 1901 पासूनच्या नोंदींतला तो सर्वांत गरम मार्च होता आणि नेमका तेव्हा तिथला गहू दाणे भरत होता.

फुलोऱ्यानंतर साधारण महिनाभर झाड पानांतली आणि काडीतली साखर दाण्यात नेतं आणि तिचा स्टार्च बनवतं. तापमान तिशीच्या पुढे गेलं की स्टार्चचं काम मंदावतं. त्यात पानं लवकर पिवळी पडतात, म्हणजे भरायला दिवसही कमी मिळतात. दाण्यांची संख्या आधीच ठरलेली असते, मार बसतो तो वजनावर. समजा, हजार दाण्यांचं वजन 40 ग्रॅमवरून 34 वर आलं, तर ओंब्या तितक्याच असूनही 20 क्विंटलचे 17 होतात. दाणा बारीक आणि सुरकुतलेला निघतो. त्या वर्षी असा दाणा इतका आला की सरकारी खरेदीत त्याची मर्यादा 6 टक्क्यांवरून 18 पर्यंत वाढवावी लागली, आणि 13 मे रोजी गव्हाच्या निर्यातीवर बंदी आली.

उन्हाची चर्चा होते, रात्रीची होत नाही. दिवसा कमावलेल्या साखरेतली काही झाड रात्री श्वसनात खर्च करतं. रात्र उबदार असेल तर खर्च वाढतो. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने 1992 ते 2003 या काळातलं आपल्याच शेतावरचं भाताचं उत्पादन तपासलं. कोरड्या हंगामात रात्रीचं सरासरी तापमान एक अंशाने जास्त असलं की उत्पादन सुमारे 10 टक्के कमी भरत होतं. दिवसाच्या तापमानाशी तसा संबंध दिसला नाही. यावर आक्षेपही आला: रात्र उबदार असते तेव्हा आभाळ ढगाळ असू शकतं, मग तोटा उबेचा की कमी सूर्यप्रकाशाचा? मला हा आक्षेप रास्त वाटतो. पण उबदार रात्रीला निर्दोष ठरवायला तो पुरेसा नाही.

आमच्या मराठवाड्यात प्रश्न पेरणीच्या तारखेचा आहे. बागायती गहू नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरावा, म्हणजे थंडी असतानाच दाणे भरायला लागतात. मामूंच्या रानात तेव्हा कपाशी उभी असते. शेवटची वेचणी होऊन पऱ्हाट्या उपटेपर्यंत डिसेंबर उजाडतो, आणि मग दाण्यात चीक भरायची वेळ फेब्रुवारीच्या अखेरीस, ऊन तापताना येते. उशिरासाठीचं वाण, निफाड 34 सारखं, त्यातल्या त्यात तग धरतं. त्या दिवसांत हलकं पाणी दिलं तर पिकाचा ताप दुपारी थोडा उतरतो. रात्रीवर मात्र पाण्याचा उपाय फारसा चालत नाही.

"कपाशी आधी उपट म्हणतोस," मामू म्हणाले, "शेवटच्या वेचणीचे पैसे हातात येतात रे. गव्हाचे अजून ओंबीत आहेत."