प्रोफॉर्मावर भाव ठरतो, माल सुटत नाही

प्रिय बाळ,



व्हॅलेन्सियाच्या गिऱ्हाइकाची स्पॅनिश मेल वाचली. त्याला शुक्रवारपर्यंत ‘फाक्तुरा प्रोफॉर्मा’ हवी आहे आणि माल निघाला की ‘फाक्तुरा कोमेर्सियाल’. दोन्ही बिलंच, मग एकच बनवून मथळा बदलून दोनदा पाठवू का, असं तू विचारलंस. तसं करू नकोस. माझी सगळी नोकरी निर्यातीच्या कागदपत्रांत झाली, म्हणून हे जरा सविस्तर लिहिते.

तुझाच सौदा घेऊ. वसमतच्या हळदीची पूड, २५ किलोची २०० पोती, म्हणजे ५,००० किलो. भाव किलोला १.८० डॉलर, एफओबी न्हावा शेवा. एकूण ९,००० डॉलर. ३० टक्के आगाऊ, बाकी कागदपत्रं दाखवल्यावर.

शुक्रवारी जाणारी प्रोफॉर्मा म्हणजे तुझा लेखी देकार. अजून पोतं शिवलेलं नाही आणि विक्रीही झालेली नाही. हा कागद घेऊन गिऱ्हाईक आपल्या बँकेत जाईल, २,७०० डॉलर पाठवायला सांगेल; एचएस कोड बघून तिकडे ड्युटी किती लागेल हे काढेल. म्हणून तिच्यात त्याला निर्णय घ्यायला लागेल ते सगळं हवं: मालाचं वर्णन, कोड ०९१०३०३०, भाव, एफओबी की आणखी काही, आगाऊ किती, पैसे आल्यावर किती दिवसांत माल निघेल, तुझ्या बँकेचा खाते क्रमांक आणि स्विफ्ट कोड. आणि एक तारीख अवश्य: हा भाव कधीपर्यंत धरला जाईल. हळदीचा बाजार महिन्याभरात हलतो. तारीख नसली तर तो तीन महिन्यांनी त्याच भावाला माल मागेल. त्याने घासाघीस केली तर प्रोफॉर्मा बिनधास्त बदल, फक्त नवा नंबर आणि नवी तारीख टाक. हिचा नंबर जीएसटीच्या बिलांच्या मालिकेतला घेऊ नकोस, कारण ही जीएसटीच्या रिटर्नमध्ये जातच नाही.

आगाऊ रक्कम आली की तुझी बँक ती कशाची म्हणून विचारेल. निर्यातीपोटी आगाऊ रकमेचा पर्पज कोड P0103. पुरावा म्हणून प्रोफॉर्मा आणि गिऱ्हाइकाची ऑर्डर दे. इथवर प्रोफॉर्माचं काम.

आता माल भरायची वेळ आली. समज, पॅकिंगमध्ये दोन पोती फाटली आणि बदली पूड तयार नाही. निघाली १९८ पोती, ४,९५० किलो. कमर्शियल इन्व्हॉइस हाच हिशेब सांगेल: ४,९५० किलो, ८,९१० डॉलर. गिऱ्हाइकाला कमी मालाचं आधी कळवून त्याची लेखी संमती घे. पण संमती मिळाली म्हणून इन्व्हॉइसवर २०० लिहिता येत नाही. ठरलं काय होतं हे प्रोफॉर्मा सांगते, गेलं काय हे कमर्शियल इन्व्हॉइस.

सगळ्यात जास्त चूक होते ती आगाऊ रकमेच्या वजाबाकीत. नवे निर्यातदार ८,९१० मधून २,७०० वजा करतात आणि इन्व्हॉइसची एकूण किंमत ६,२१० लिहितात. येणं तेवढंच आहे, हे खरं. पण मालाची किंमत ८,९१० आहे, आणि कस्टम्स मालाची किंमत बघतं. ६,२१० लिहिलंस तर इकडे शिपिंग बिलात निर्यात कमी दिसेल, आणि स्पेनमध्ये कर कमी किमतीवर आकारला जाऊन गिऱ्हाइकावर किंमत लपवल्याचा आळ येईल. म्हणून एकूण किंमत पूर्ण लिही. तिच्या खाली वेगळ्या ओळीत ‘आगाऊ मिळाले २,७००’ आणि ‘बाकी येणे ६,२१०’ असं दाखव.

कमर्शियल इन्व्हॉइसचा नंबर एकदा शिपिंग बिलात गेला की तो सगळीकडे फिरतो. पॅकिंग लिस्ट, जीएसटीचं जीएसटीआर-१, बँकेतली नोंद, सगळीकडे तोच नंबर, तीच तारीख, तीच रक्कम हवी. आयजीएसटी भरून निर्यात केलीस आणि रिटर्नमधला नंबर शिपिंग बिलातल्या नंबराशी जुळला नाही, तर आइसगेटवर SB005 ही त्रुटी दिसते आणि परतावा अडकतो. कधी कधी कारण एवढंच असतं, की कोणीतरी एका जागी प्रोफॉर्माचा नंबर घातलेला असतो. तू एलयूटीवर निर्यात करणार असशील, तर कर न भरता एलयूटीखाली निर्यात होत असल्याचं वाक्य कमर्शियल इन्व्हॉइसवर छापायचं विसरू नकोस. प्रोफॉर्मावर त्याचं काही काम नाही.

पुढे कधी एलसीवर माल पाठवशील तेव्हा तर हा भेद आणखी कडक होईल. एलसीत नुसतं ‘इन्व्हॉइस’ लिहिलेलं असलं तरी बँका प्रोफॉर्मा नाकारतात. जगभरच्या बँका कागदपत्रं तपासताना ज्या ठरलेल्या पद्धती पाळतात, त्यांत तसं स्पष्ट आहे. शिवाय यूसीपी ६०० च्या १८ व्या कलमानुसार इन्व्हॉइसवरचं मालाचं वर्णन एलसीतल्या वर्णनाशी जुळायला लागतं. एलसी उघडताना गिऱ्हाईक वर्णन बहुधा तुझ्या प्रोफॉर्मावरूनच उचलतं, म्हणून ते पहिल्याच दिवशी नेमकं लिही.

भाषेचं म्हणशील, तर शब्दांपेक्षा आकडे जास्त फसवतात. स्पेनमध्ये हजाराला टिंब आणि दशांशाला स्वल्पविराम वापरतात. त्याच्या मेलमधलं ५.००० किलो म्हणजे पाच हजार किलो, आणि १,८० म्हणजे एक डॉलर ऐंशी सेंट. तू उलट ५,००० लिहिलंस तर त्याचा कारकून पाच किलो वाचू शकतो. म्हणून दोन्ही कागदांवर हजारात चिन्हच टाकू नकोस, ५००० लिही, आणि एकूण रक्कम इंग्रजीत अक्षरी लिही. तारखेत महिना आकड्याने नको, नावाने लिही.

त्याच्या पुढच्या मेलमध्ये नुसतं ‘फाक्तुरा’ आलं, तर पैसे पाठवण्यासाठी हवी की माल सोडवण्यासाठी, एवढंच विचार. आणि समोर आलेला कुठलाही कागद ओळखायचा असेल, तर मथळा राहू दे. भाव कधीपर्यंत धरला आहे आणि माल पुढे कधी निघेल असं लिहिलं असेल तर ती प्रोफॉर्मा. प्रत्यक्ष पोत्यांची संख्या, निव्वळ आणि ढोबळ वजन, खुणा लिहिल्या असतील तर ती कमर्शियल. दोन्ही गोष्टी एकाच कागदावर दिसल्या, तर जुनी फाइल उघडून मथळा बदललेला आहे असं समज आणि परत पाठव.

सनतनगरच्या कंटेनर डेपोत गाडी जाण्याआधी पोती मोज, वजन घे, पॅकिंग लिस्ट पक्की कर आणि मगच कमर्शियल इन्व्हॉइसला नंबर दे. त्यानंतर पोतं कमी भरलं, तर माल निघण्याआधी तुझ्या कस्टम्स ब्रोकरकडून शिपिंग बिल आणि इन्व्हॉइस दोन्ही दुरुस्त करून घे.

तुझी मावशी