भैरवीवाचून

नव्या दुकानाच्या उद्घाटनाची सुपारी देण्यास येणारे गृहस्थ बहुधा एवढेच फर्मावतात, की सकाळच्या वेळी आनंदाची चार गाणी होऊ द्या; परंतु कोणते गाणे कोणत्या विधीच्या वेळी वाजवावे, आणि कोणते त्या दिवशी मुळीच वाजवू नये, याचा निवाडा सनईवाल्यासच करावा लागतो. माझ्या मते त्या सकाळचे सारे कौशल्य या निवाड्यातच आहे.

गेल्या अक्षय्य तृतीयेस पुण्याच्या एका पेठेत किराणा मालाचे लहानसे दुकान उघडले, तेथील हकीकत सांगतो. दुकान जेमतेम दहा फूट रुंद, आणि सनई तर नगारखान्यात वाढलेले, मोकळ्या हवेचे वाद्य. ती आत वाजली असती तर गुरुजींचा एकही मंत्र यजमानास ऐकू आला नसता. म्हणून समोरच्या ओट्यावर बैठक मांडून सनईचे तोंड रस्त्याच्या बाजूस वळविले, पत्ती ओली करून घेतली, आणि षड्ज धरणाऱ्या साथीदाराच्या सनईशी सूर मिळविला. पहाटेच्या गारव्यात मिळविलेला हा सूर श्वासाच्या उबेने हळूहळू चढत जातो; तेव्हा प्रत्येक नव्या गाण्यापूर्वी तो पुन्हा पारखून घेणे मी अगत्याचे मानतो.

दारास आंब्याच्या पानांचे तोरण बांधले जात होते तोवर भैरव वाजविला. त्याचे आंदोलित कोमल ऋषभ-धैवत पहाटेस शोभतात खरे, पण त्यांचे गांभीर्य देवळाचे आहे. पाहुण्यांची वर्दळ सुरू झाली की त्यास आटोपते घ्यावे. इतक्यात यजमानांच्या मातोश्रींनी भूपाळीची फर्माईश केली. भूपाचे पाच स्वर संध्याकाळचे मानले जातात. पण त्याच पाच स्वरांचा भार गंधारावरून काढून धैवतावर ठेवला आणि चाल तार षड्जाकडे झुकविली, की त्यांतून सकाळचा देशकार उभा राहतो. भूपाळीची ओळखीची चाल मी अशा देशकाराच्या अंगाने वाजविली, तेव्हा मातोश्रींची इच्छा राहिली आणि वेळेची मर्यादाही राहिली.

संकल्पाच्या वेळी आम्ही पूर्ण थांबलो. गणेशपूजन होऊन फीत कापली जाताच अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’ नाटकाची नांदी घेतली. १८८० साली रंगभूमीवर आलेली ही नांदी शंकरास आणि मग विघ्नेश्वरास वंदन करते, आणि ती मुळात आरंभासाठीच रचलेली असल्याने पडदा उघडताना जशी शोभते तशीच दुकानाची फळी उघडतानाही शोभते.

यानंतर यजमानांच्या धाकट्या बंधूंनी एका लोकप्रिय चित्रपटगीताचा आग्रह धरला. त्याची चाल अत्यंत उल्हासाची होती, पण शब्द प्रियकर सोडून गेल्याचे. सनईला शब्द नसतात ही समजूत अर्धीच खरी आहे; ओळखीची चाल कानी पडताच ऐकणारा तिचे शब्द मनातल्या मनात म्हणू लागतो, आणि नव्या उंबरठ्यावर त्या शब्दांनी यावे हे मला मान्य नाही. ‘दादा, हे राहू द्या, त्याच ठेक्यातली गौळण ऐका,’ असे सांगून मी केरव्यात गौळण धरली. दूध-दही घेऊन मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणींची गाणी व्यापाराच्या घरी परकी कशी वाटावीत? चौघडेवाल्याचा हातही तेथे खुलला, आणि रस्त्यावरची मुले ठेका धरू लागली.

शेजारच्या एका आजोबांनी अर्धा शेर गूळ मागितला, तेव्हा मी खुणेने चौघडा थांबविला. तराजू प्रथमच माल तोलतो आणि दुकानाची भवानी होते, तेव्हा यजमानाचे सारे लक्ष हातातल्या मापाकडे असावे. नाणे कपाळास लावून त्याने गल्ल्यात टाकले की मग चौघड्याने दुप्पट लयीत उठावे, हा आमचा दस्तूर.

उरला प्रश्न शेवटच्या गाण्याचा. भैरवी हा सकाळचाच राग, आणि तिच्याइतकी लोकप्रिय रागिणी दुसरी नसेल. शास्त्राच्या दृष्टीने तिला हरकत घेता येत नाही. परंतु मैफलीची सांगता भैरवीने करण्याचा रिवाज इतका रूढ झाला आहे, की ती कानी पडताच श्रोते उठण्याच्या तयारीस लागतात. ज्या घरी आजच व्यवहारास प्रारंभ झाला, तेथे निरोपाचा हा संकेत मी कदापि देत नाही. त्या दिवशी अल्हैया बिलावलातली एक धून वाजविली, अवरोहात डोकावणाऱ्या कोमल निषादाने तिला थोडे मार्दव आले, आणि ऊन चढू लागले तसा मी तिच्यातून सारंगाकडे वळलो. सारंग दुपारचा राग. त्याचे दोन-चार मुखडे वाजवून बिदागी घ्यावी, म्हणजे सकाळ संपविल्याचा भास न होता दुकान आपल्या पुढल्या प्रहरात पोहोचलेले असते. माझी नेमकी हीच तजवीज असते, आणि यजमानाने भैरवीचा आग्रह केला तरी मी ती बदलत नाही.