‘ठीक आहे’ नक्की कशाला?

व्हॉट्सॲपवर पाठवलेला संदेश बदलायची सोय 2023 च्या मे महिन्यात आली. पाठवल्यापासून 15 मिनिटांपर्यंत संदेशावर बोट दाबून धरायचं, Edit निवडायचं आणि हवे ते शब्द घालायचे. कितीही वेळा बदला, शेजारी फक्त Edited एवढी बारीक अक्षरं दिसतात. आधी काय लिहिलं होतं, ते मात्र कोणालाच दिसत नाही. आम्हा शिक्षकांना ही सोय फार आवडली. ऱ्हस्व-दीर्घ सुधारायची इतकी चांगली संधी आम्हाला कुठे मिळणार! पण शुद्धलेखन सुधारणं वेगळं आणि अर्थ बदलणं वेगळं. अर्थ बदलला की खाली आधीच आलेल्या उत्तरांचं काय होतं, याकडे फारसं कोणी पाहत नाही.

उत्तरं आहेत तिथेच राहतात. ती पुसली जात नाहीत, सरकत नाहीत. ‘हा जबाब जुन्या मजकुराला दिला होता’ अशी खूणही त्यांच्यावर उमटत नाही. अंगठाही तसाच चिकटून राहतो. म्हणजे आधीच्या वाक्याला होकार देणारा माणूस, त्याला न विचारता, नव्या वाक्याचा साक्षीदार होतो.

मागच्या पावसाळ्यात कशेडीत हे घडताना पाहिलं. इथून खेडला परीक्षेला जाणाऱ्या मुलांसाठी पालकांनी मिळून एक गाडी ठरवली होती. गाडीची व्यवस्था बघणाऱ्या पालकाने सकाळी 6.05 ला ग्रुपवर लिहिलं की घाटात दरड पडल्याचं कळतंय, गाडी बोगद्याने जाईल, मुलांना 7 वाजता महामार्गावर बोगद्याकडे जाणाऱ्या वळणावर उभं करा. 6.08 ला एका मुलीच्या अम्मीने ‘ठीक आहे’ लिहिलं, फोन ठेवला आणि डबा भरायला घेतला. दोघांनी अंगठा दिला. 6.11 ला एका मुलाच्या अब्बांनी तोच संदेश बोटाने बाजूला ओढून, म्हणजे त्याला जोडून, विचारलं, ‘तिथे आडोसा आहे का?’

मग गाडीवाल्याचा फोन आला की घाट मोकळा आहे आणि तो जुन्या रस्त्यानेच येतोय. त्या पालकाने 6.14 च्या सुमारास पहिलाच संदेश बदलला. ‘वळणावर’च्या जागी ‘गावच्या फाट्यावर’ आलं, बोगद्याचं वाक्य गेलं. त्यानंतर फोन बघणाऱ्यांनी नवा मजकूर वाचला आणि तेही ‘बरं’, ‘चालेल’ लिहीत गेले.

गाडी फाट्यावरून सुटली. तीन मुलं वळणावर उभी होती. पाऊस कोसळत होता आणि बाजूने कंटेनर पाणी उडवत जात होते. फोनाफोनी होऊन दुसरी गाडी मिळेपर्यंत पाऊण तास गेला. पेपर कसाबसा गाठला. संध्याकाळी ग्रुपवर वाद पेटला आणि त्या वादात पुरावा म्हणून ग्रुपच उघडला गेला. ग्रुप काय सांगत होता? 6.05 ला ‘फाट्यावर या’ आणि लगेच खाली 6.08 ला त्या अम्मीचं ‘ठीक आहे’. मला भेटून ती म्हणाली, “सर, मी वाचूनच लिहिलं होतं हो. आता सगळे म्हणतात, ठीक आहे म्हणालीस आणि पोरीला भलतीकडे उभी केलीस.”

इथे दोन गोष्टींनी घात केला. पहिली म्हणजे संदेश बदलला तरी त्याच्यावरची वेळ पहिलीच राहते. 6.14 ही वेळ कुठेही नोंदली गेली नव्हती. त्यामुळे कोणाचं उत्तर बदलाच्या आधीचं आणि कोणाचं नंतरचं, हे यादी बघून ठरवता येत नाही. दुसरी गोष्ट याहून वाईट. बदलाची नवी सूचना कोणाच्याच फोनवर वाजत नाही. ज्याने आधी वाचलं, त्याच्या दृष्टीने तो विषय संपलेला असतो. तो पुन्हा वर जाऊन कशाला बघेल? गंमत अशी की जो उशिरा उठला त्याला बरोबर माहिती मिळाली आणि जिने तत्परतेने उत्तर दिलं तिची फसगत झाली.

मग खरं कसं कळलं? एका पालकाने 6.09 ला तो संदेश आपल्या घरच्या ग्रुपवर, मुलाच्या दाद्यासाठी, पुढे पाठवला होता. पुढे पाठवलेली प्रत हा स्वतंत्र संदेश असतो. मूळ संदेश बदलला तरी तो बदल तिथे पोहोचत नाही. त्या घरच्या ग्रुपवर ‘बोगद्याकडे जाणाऱ्या वळणावर’ हे शब्द जसेच्या तसे होते. जोडून दिलेल्या उत्तराचंही काहीसं असंच असतं. ओढून उत्तर देताना मूळ मजकुराची त्या घडीची प्रत उत्तरासोबत जाते. म्हणून तर कोणी मूळ संदेश सगळ्यांसाठी पुसला, तरी उत्तरावरच्या चौकटीत त्याचे शब्द उरतात. आडोशाचा सवाल विचारणाऱ्या अब्बांना मी म्हटलं, “भाई, तुमचं उत्तर जोडून दिलेलं होतं, ते सांभाळून ठेवा.” नुसतं ‘ठीक आहे’ हे कशाला ते सांगत नाही. जोडून दिलेलं ‘ठीक आहे’ आपला सवाल बरोबर घेऊन फिरतं.

सगळीकडे हे असंच आहे असंही नाही. सिग्नल या ॲपमध्ये संदेश 24 तासांपर्यंत बदलता येतो, पण 10 वेळाच, आणि बदलल्याच्या खुणेवर बोट ठेवलं की आधीचे सगळे मजकूर समोर येतात. मला ही पद्धत जास्त इमानदार वाटते. वहीत चुकलेल्या शब्दावर एक रेघ मारून शेजारी नवा शब्द लिहितात, तसं आहे हे. व्हॉट्सॲपचं म्हणजे खोडरबर. पण आमच्या गावात सगळे व्हॉट्सॲपवर आहेत, तेव्हा सवय आपणच लावायची.

त्या दिवसानंतर गाडीच्या ग्रुपवर असं ठरलं की जागा, वेळ आणि पैसा, या तिन्हींत बदल असेल तर जुना संदेश बदलायचा नाही. तो ओढून त्याला जोडून नवा संदेश लिहायचा: ‘बदल, 6.14. वळण नाही, फाटा.’ त्याने फोन नव्याने वाजतो, वेळ नोंदली जाते आणि वरचे होकार ज्याचे त्याला राहतात. ज्यांनी आधी होकार दिला होता त्यांनी पुन्हा द्यायचा. कोणाचा आला नाही तर व्यवस्था बघणाऱ्याने फोन करायचा. पाठवणाऱ्याला संदेशावर बोट दाबून Info मध्ये कोणी कधी वाचलं ते दिसतं, पण तेवढ्यावर भिस्त ठेवायची नाही. अक्षराची चूक मात्र खुशाल खोडावी. ‘फाट्यावर’चं ‘फाटयावर’ झालं असेल तर मीच आधी सांगेन, बदला म्हणून.